बाईकच्या हँडलवर लावलेल्या फोनचा कॅमेरा वारंवार थरथरतो, मॉड्यूल बदलूनही: कारण, तपासणी आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा सारख्याच शब्दांत येते. कॅमेरा उघडला की समोरचं चित्र पाण्यात दिसावं तसं हलतं. फोटो कधी नीट येतो, कधी दुहेरी कडांचा येतो. व्हिडिओत सरळ भिंत लाटांसारखी वाकते. फोन कानाजवळ धरला तर मागच्या बाजूने बारीक गुणगुण किंवा टकटक ऐकू येते. फोन कुठे पडलेला नसतो, पाण्यात गेलेला नसतो, काचेवर चरा नसतो. पुढची माहिती विचारली की कळतं, फोन रोज बाईकच्या हँडलवर होल्डरमध्ये असतो, मॅप लावून.

हा बिघाड कॅमेऱ्यातल्या ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनचा, म्हणजे ओआयएसचा आहे; हात थरथरला तरी लेन्स हलवून चित्र स्थिर ठेवणारी ही व्यवस्था. कॅमेरा मॉड्यूल बदललं की तो जातो आणि होल्डर तसाच राहिला तर काही महिन्यांत पुन्हा येतो. म्हणून आधी बिघाड नक्की तोच आहे का ते घरच्या घरी कसं ओळखायचं, ते सांगतो. त्यानंतर तो का होतो आणि काय करायचं याकडे वळू.

आधी खात्री करा

पहिलं काम म्हणजे फोनचं कव्हर काढणं. कव्हरमध्ये चुंबक असेल, मागे होल्डरची लोखंडी चकती चिकटवलेली असेल, तर तीही काढा. ओआयएसची लेन्स चुंबक आणि कॉइलच्या जोरावर हलते आणि तिची जागा मोजणारा सेन्सरही चुंबकीय क्षेत्रच वाचतो. बाहेरचं तगडं चुंबक जवळ आलं की हे मोजमाप चुकतं आणि ठणठणीत कॅमेराही थरथरू लागतो. चुंबकी होल्डर वापरणाऱ्यांच्या बाबतीत कधीकधी तपासणी इथेच संपते. कव्हर काढून फोन एकदा बंद करून चालू केला आणि थरथर थांबली, तर मॉड्यूल बदलायची गरज नाही.

थरथर राहिली, तर फोन टेबलावर पुस्तकांच्या आधाराने उभा करा, हात लावू नका. समोर भिंतीवर कॅलेंडर किंवा छापील मजकूर असू द्या. १x वर व्हिडिओ लावा आणि अर्धा मिनिट पडद्याकडे बघा. फोन पूर्ण स्थिर असताना चित्र हलत असेल, तर ते कोण हलवतंय? हात नाही, बाईक नाही. लेन्सच हलते आहे. आता ०.५x वर जा, मग समोरच्या सेल्फी कॅमेऱ्यावर. बहुतेक फोनमध्ये वाइड अँगलच्या आणि सेल्फीच्या कॅमेऱ्यात ओआयएस नसतं. १x वर चित्र नाचतं आणि बाकी दोन्हीकडे दगडासारखं स्थिर राहतं, ही या बिघाडाची सगळ्यात भरवशाची खूण आहे.

इथे एक फसगत होते. पडद्यावर ३x लिहिलेलं असलं, तरी अंधारात किंवा वस्तू जवळ असताना फोन टेलिफोटो लेन्स न वापरता मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करून दाखवतो. जवळून फुलाचा फोटो काढताना तो गुपचूप वाइड लेन्सवरही जातो. त्यामुळे ‘तिन्ही कॅमेरे गेले’ असं वाटू शकतं. कुठली लेन्स चालू आहे हे बघायचं असेल तर मागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवा. जिच्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो ती चालू. तपासणी दिवसाच्या उजेडात, दोन-तीन मीटर लांबच्या वस्तूवर केली की हा घोळ टळतो.

त्यानंतर फोनची दिशा बदलून बघा. लेन्स जमिनीकडे, मग आकाशाकडे, मग फोन उभा, मग आडवा. एखाद्या दिशेत थरथर थांबते किंवा फोकस लागतो आणि दुसऱ्या दिशेत बिनसतो, असं झालं तर दोष यांत्रिक आहे. लेन्सला धरून ठेवणारा भाग सैल झालाय आणि गुरुत्वाकर्षण तिला एका बाजूला ओढतंय. सॉफ्टवेअरच्या दोषाला फोन कुठल्या दिशेला आहे याने फरक पडत नाही. दुसऱ्या एखाद्या ॲपमधला कॅमेरा उघडूनही बघावं. तिथेही तेच दिसत असेल तर फोन रीसेट करण्यात दिवस घालवू नका.

फोन हलवल्यावर कॅमेऱ्यातून खडखड आवाज येतो, यावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. ओआयएस असलेल्या निरोगी फोनमध्येही कॅमेरा बंद असताना लेन्स मोकळी असते आणि हलवल्यावर हलका आवाज करते. कॅमेरा उघडला की कॉइलमध्ये वीज येते, लेन्स धरली जाते आणि आवाज बराचसा थांबतो. कॅमेरा उघडल्यावरही खडखड तशीच राहिली, तर ती बिघाडाची बाजू.

शेवटी जायरोस्कोप, म्हणजे फोनचं हलणं-वळणं ओळखणारा सेन्सर. ओआयएस त्याच्याच सांगण्यावरून चालतं, म्हणून तो ठीक आहे ना ते पाहून घेणं बरं. सॅमसंगच्या फोनमध्ये डायलरवर `*#0*#` टाकलं की चाचण्यांचा मेनू उघडतो, त्यात Sensor मध्ये जायरोची चाचणी आहे. शाओमी-रेडमीत `*#*#6484#*#*` टाकावं. इतर फोनमध्ये साधा उपाय असा: मॅप उघडून उभ्याने हळू गोल फिरा, दिशा दाखवणारा बाण तुमच्याबरोबर सुरळीत वळतो का बघा. पॅनोरमा फोटोही काढून पाहा. जायरो ठीक आणि १x चं चित्र नाचरं, म्हणजे दोष मॉड्यूलमध्येच.

लेन्स कशावर टांगलेली असते

नेहमीच्या कॅमेऱ्यात लेन्स घट्ट बसवलेली असते असं आपण धरून चालतो. ओआयएसमध्ये ती मुद्दाम मोकळी सोडलेली असते. बऱ्याच रचनांमध्ये लेन्सचा छोटा डबा चार कोपऱ्यांवरच्या केसाइतक्या बारीक तारांवर टांगतात, काहींमध्ये तो इवल्याशा गोळ्यांवर सरकतो. बाजूला चुंबकं आणि कॉइल. तुमचा हात थरथरला की जायरोस्कोप ते ओळखतो, कॉइलमधला प्रवाह बदलतो आणि लेन्स उलट दिशेला सरकते. हे सरकणं मिलिमीटरच्या अंशात मोजावं इतकं थोडं असतं. लेन्स सांगितलेल्या जागी पोचली का, हे हॉल सेन्सर सतत पाहतो आणि चूक दुरुस्त करवतो. २०२० च्या आयफोन १२ प्रो मॅक्सपासून काही फोनमध्ये लेन्सऐवजी खालचा सेन्सरच हलतो, पण मोकळा भाग तिथेही आहेच.

ही सगळी व्यवस्था माणसाच्या हातासाठी बनवलेली आहे. हाताची नैसर्गिक थरथर सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होते, म्हणजे ८ ते १२ हर्ट्झ. इंजिन याच्या कितीतरी वर असतं. एकसिलिंडर इंजिनात पिस्टन खालीवर होण्याचा मुख्य हादरा क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो. मिनिटाला ३६०० फेरे म्हणजे सेकंदाला ६०, म्हणून हादरा ६० हर्ट्झचा. ६००० फेऱ्यांवर तो १०० हर्ट्झ होतो. आणि तारांवर टांगलेल्या लेन्सची स्वतःची डोलण्याची लयही याच टापूत कुठेतरी पडू शकते. झोक्याला त्याच्या लयीत हलके हलके ढकललं की तो उंच जातो. इंजिनाची लय लेन्सच्या लयीशी जुळली की तिचंही तसंच होतं. बाहेरून फोन जेमतेम थरथरताना दिसतो, पण आत लेन्स आपल्या मर्यादेच्या दोन्ही टोकांना आपटत असते.

मग तारा वाकतात किंवा थकून तुटतात. गोळ्यांच्या रचनेत गोळ्या बसतात त्या जागी खड्डे पडतात. कुठे चिकटवलेला भाग सुटतो. लेन्स अडते किंवा लोंबते, हॉल सेन्सर सांगतो ‘जागेवर नाही’, कॉइल ढकलते, लेन्स जास्त पुढे जाते, पुन्हा मागे ओढली जाते. ही ढकलाढकली संपतच नाही. तीच आपल्याला पडद्यावर थरथर म्हणून दिसते आणि कानाला गुणगुण म्हणून ऐकू येते.

यातून एक गैरसमज दूर व्हावा. ‘मी बाईकवर कॅमेरा उघडतच नाही, फक्त मॅप असतो, मग कॅमेरा कसा बिघडेल?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. कॅमेरा बंद असताना लेन्सला धरणारा प्रवाहही बंद असतो. ती तारांवर नुसती लोंबत असते आणि हादरे तिला सरळ लागतात. फोन पूर्ण बंद करून हँडलवर लावला तरी फरक पडत नाही.

ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मदतपानावर हे उघडपणे लिहिलं: जास्त ताकदीच्या किंवा मोठ्या इंजिनांच्या मोटरसायकलींवर आयफोन बसवू नका, कारण ठरावीक टापूतले जोरदार हादरे चॅसी आणि हँडलमधून फोनपर्यंत पोचतात आणि ओआयएस व ऑटोफोकसची कामगिरी खालावू शकते. लहान इंजिनाच्या किंवा इलेक्ट्रिक स्कूटरवर हादरे तुलनेने कमी असतात, पण तिथेही हादरे शोषणारा होल्डर वापरा आणि रोज लांब वेळ लावून ठेवू नका, असं त्यात आहे. नाव आयफोनचं असलं तरी तत्त्व तारांवर टांगलेल्या प्रत्येक लेन्सला लागू होतं. अँड्रॉइडमध्ये ‘ओआयएस’ ही जाहिरातीत ठळक छापायची गोष्ट झाल्यापासून मधल्या किमतीच्या फोनमध्येही हाच बिघाड माझ्याकडे येतो.

हँडलच का वाईट

गाडीवर हादरे सगळीकडे आहेत, पण हँडल ही त्यातली खास वाईट जागा आहे. तो मधे धरलेला आणि दोन्ही टोकांना मोकळा असा लांब पाइप आहे, त्यामुळे त्याची स्वतःची थरथरण्याची लय असते. कंपन्या हँडलच्या टोकांना वजनं बसवतात ती यासाठीच. त्या पाइपवर क्लॅम्प, क्लॅम्पवर दांडी, दांडीवर फोन अशी उतरंड झाली की प्रत्येक सांध्यात हालचाल वाढत जाते. आरशाच्या दांडीवर लावलेला होल्डर तर सगळ्यात वाईट, कारण ती दांडी बारीक आणि लांब असते.

तुमच्या गाडीत हे कितपत होतं, ते आरसाच सांगतो. रिकाम्या रस्त्यावर वेग हळूहळू वाढवत न्या. कुठल्यातरी वेगाला आरशातलं चित्र धूसर होतं, त्याच्या वर-खाली पुन्हा स्पष्ट होतं. ज्या वेगाला आरसा धूसर होतो, त्या वेगाला तुमचं हँडल बहुधा सगळ्यात जास्त थरथरतंय. तोच तुमचा रोजचा हायवेचा वेग असेल, तर तुमचा फोन रोज तासन्‌तास तिथेच असतो.

इंजिनाप्रमाणे फरक पडतो. लांब स्ट्रोकचं, हादरे कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट नसलेलं मोठं एकसिलिंडर इंजिन फोनला सगळ्यात जाचक. बॅलन्सर असलेल्या नव्या इंजिनांमध्ये हा हादरा बराच कमी होतो, नाहीसा होत नाही. स्कूटरचं इंजिन रबरी बुशवर झुलतं, त्यामुळे हँडलपर्यंत कमी पोचतं. इलेक्ट्रिकला इंजिनाचा हादरा नाहीच, मात्र रस्त्याचे खड्डे आहेत.

पुन्हा पुन्हा येणारी एक केस

पीकविम्याचे पंचनामे करणारा एक तरुण माझ्याकडे येतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, हरसूल, पुढे जव्हारच्या बाजूला त्याची फिरती असते. गाडी जुनी ३५० सीसी एकसिलिंडर, बॅलन्सर नसलेली. शेताचे फोटो काढून ॲपवर चढवणं हेच त्याचं काम, म्हणजे कॅमेरा गेला की दिवसाची रोजी अडते. त्याच्या फोनचं मॉड्यूल एकदा दुसरीकडे बदललेलं होतं. “दादा, कॅमेरा परत नाचायला लागला. पार्ट डुप्लिकेट टाकला वाटतं त्याने,” हे त्याचं पहिलं वाक्य.

वर दिल्या तशाच तपासण्या केल्या. कव्हर काढलं, फरक नाही. टेबलावर उभा केला, १x वर भिंतीवरची अक्षरं डावी-उजवीकडे थरथरत होती. ०.५x आणि सेल्फी स्वच्छ. फोन आडवा केला की थरथर कमी, उभा केला की जास्त. जायरो ठीक. गुणगुण चालू. म्हणजे नवं टाकलेलं मॉड्यूलही त्याच पद्धतीने गेलं होतं. पार्टवर संशय घेण्याआधी मी गाडी बघायला बाहेर गेलो. होल्डर पत्र्याचा, चार कोपरे पकडणारा, आरशाच्या दांडीवर घट्ट आवळलेला, मधे रबराचा तुकडासुद्धा नाही. गाडी उभ्या जागी चालू करून रेस दिली तर एका ठिकाणी होल्डरच्या कडा डोळ्याला धूसर दिसत होत्या.

मग त्याच्यासमोर हिशोब मांडला. त्याच्या नेहमीच्या वेगाला इंजिन ३६०० फेऱ्यांच्या आसपास धरलं तर सेकंदाला ६० हादरे. रोज दोन तास फोन हँडलवर, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. महिन्यात २५ दिवस फिरती धरली तर १ कोटी ८ लाख. केसाइतकी तार एवढ्या वेळा वाकली की ती थकणारच, पार्ट कंपनीचा असो वा दुसरा. त्याचा दुकानदारावरचा राग बहुधा अनाठायी होता.

त्याला मॅपची गरज खरी होती, पाड्यांवर पाट्या नसतात. म्हणून फोन जॅकेटच्या छातीच्या खिशात आणि मॅपचा आवाज एका कानातल्या ब्लूटूथवर, अशी सोय केली. अगदी अनोळखी फाट्यावर थांबून बघायचं. होल्डर त्याने माझ्या दुकानासमोरच सोडला. त्यानंतर बसवलेलं नवं मॉड्यूल टिकून आहे.

दुरुस्ती

ओआयएसचा भाग सुटा दुरुस्त होत नाही. लेन्स, कॉइल, तारा आणि सेन्सर हे एकाच बंद डब्यात जुळवून सील केलेलं असतं. तार बदलून लेन्स मूळ जागी, सेन्सरला समांतर बसवणं दुकानातल्या टेबलावर शक्य नाही. त्यामुळे उपाय एकच, मागचं पूर्ण कॅमेरा मॉड्यूल बदलणं.

कॅमेऱ्याजवळ चुंबक धरला की थरथर थांबते, असे व्हिडिओ फिरतात. थांबते हे खरं, कारण चुंबक लेन्सला एका बाजूला खेचून धरतो. पण चित्राचा एक कोपरा मऊ पडतो आणि चुंबक काढला की सगळं पहिल्यासारखं होतं. तपासणी म्हणून क्षणभर करायला हरकत नाही, कायमचा चिकटवू नका. फोन तळहातावर आपटून ‘बसवणं’ही तसंच, अडकलेली लेन्स सुटते आणि कमकुवत तार लवकर तुटते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं व्हिडिओ स्टॅबिलायझेशन बंद केल्याने ओआयएस बंद होत नाही, ते सॉफ्टवेअरचं वेगळं काम आहे.

आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलमध्ये मागचा कॅमेरा बदलल्यावर तो अस्सल आहे की नाही, हे `Settings > General > About` मध्ये दिसतं. बाहेर बदलत असाल तर पैसे देण्याआधी ते उघडून बघा. आणि फोन घेऊन निघण्याआधी टेबलावरची १x ची चाचणी दुकानातच करा, चारही दिशांना धरून.

होल्डर सोडणं शक्यच नसेल तर

डिलिव्हरी करणाऱ्यांना फोन डोळ्यांसमोर लागतो, त्यांना ‘खिशात ठेवा’ सांगणं सोपं आणि निरुपयोगी आहे. त्यांच्यासाठी माझा पहिला सल्ला असा: जुना, ओआयएस नसलेला फोन हँडलला लावा आणि चांगला फोन खिशात ठेवून त्याचं इंटरनेट जुन्याला द्या. जुन्या फोनच्या ऑटोफोकसची लेन्सही पातळ स्प्रिंगांवर असते, म्हणून तो अगदी निर्धास्त नाही. पण तो बिघडला तर बिघडू द्या, मॅप चालतच राहील.

दुसरा मार्ग हादरे शोषणारा होल्डर. यात रबर किंवा सिलिकॉनच्या मऊ बुशवर फोनची पकड तरंगती ठेवलेली असते. हे कसं काम करतं ते समजून घेतलं तर निवड चुकत नाही. अशा प्रत्येक होल्डरची फोनच्या वजनासकट स्वतःची एक लय असते. त्या लयीच्या साधारण दीडपटीवरचे हादरे तो अडवू लागतो. त्या लयीच्या जवळचे उलट वाढवतो. समजा ही लय २० हर्ट्झ आहे. ३६०० फेऱ्यांचा ६० हर्ट्झचा हादरा तो बराच खाली आणेल. पण १००० फेऱ्यांच्या आयडलिंगला हादरा १७ हर्ट्झच्या आसपास असतो, तिथे फोन डोलताना दिसेल. सिग्नलला फोन डुलतो म्हणून घाबरून बुश आवळू नका. आवळलात की त्याची लय वर जाते आणि तो नेमका हायवेच्या हादऱ्यावर निकामी होतो. दोन मिलिमीटरची रबरपट्टी क्लॅम्पखाली घालणं म्हणजे डॅम्पर नव्हे. दाबलेलं रबर जवळजवळ धातूसारखंच हादरा पुढे देतं.

जागा निवडताना हँडलच्या मध्यभागी, जिथे ते फोर्कला पकडलेलं असतं तिथे जितकं जवळ जाता येईल तितकं जा. दांडी आखूड ठेवा. आरशाची दांडी टाळाच. टँक बॅगच्या वरच्या पारदर्शक खिशात, खाली जाड फोम घालून ठेवलेला फोन हँडलपेक्षा बराच सुरक्षित राहतो, फक्त उन्हाळ्यात तो बंद प्लास्टिकमध्ये तापतो, त्याकडे लक्ष ठेवा. आणि रस्ता पाठ झाला की मॅप चालू असला तरी फोन खिशात टाका. नुकसान एकूण तासांवर ठरतं, म्हणून कमी झालेला प्रत्येक तास मोजला जातो.

मॉड्यूल नवं बसवलं की त्याच दिवशी टेबलावरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून जपून ठेवा, १x वर, त्याच भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात. महिन्याने तसाच दुसरा काढून शेजारी शेजारी लावून बघा. अक्षरांच्या कडा किंचित जरी हलायला लागल्या, तर होल्डर बदलायची किंवा काढायची वेळ आलेली आहे, आणि अजून फोटो काढण्याइतका कॅमेरा शाबूत आहे.